रात्रीचे पाणी आणि बॅटरीवर तापणारी बंडी

रब्बी हंगामात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री निफाडच्या पट्ट्यात पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. ज्या भागात शेतीपंपाला अजून रात्रीच्या पाळीची वीज आहे, तेथे अशाच रात्री गव्हाला आणि कांद्याला पाणी द्यावे लागते. पाय ओल्या दांडात, हात फावड्यावर आणि अंगावर एक स्वेटर, अशी ही सहा-आठ तासांची पाळी असते. गेल्या काही वर्षांत या कामासाठी बॅटरीवर तापणाऱ्या बंड्या आणि हातमोजे तालुक्याच्या बाजारात व घरपोच विक्रीत सर्रास मिळू लागले आहेत. ते घ्यावेत का, किती वेळ चालतात आणि त्यात धोका कोणता, असे प्रश्न शेतकरी विचारतात.

माझ्या परिचयाच्या एका कांदा उत्पादकाने मागील हिवाळ्यात स्वतःसाठी एक आणि वडिलांसाठी एक अशा दोन बंड्या घेतल्या. खोक्यावर ‘आठ तास ऊब’ असे छापलेले होते. रात्री अकराला मोटर सुरू करून दोघे मळ्यात गेले. पहाटे दोनच्या आत मुलाची बंडी थंड पडली. वडिलांची बंडी चालू राहिली, कारण त्यांनी ती कमी तापमानावर ठेवली होती. पण त्यांच्या बाबतीत जे घडले ते अधिक गंभीर होते. ते पुढे सांगतो. आधी मुलाची बंडी का थंड पडली ते पाहू.

बॅटरीचा हिशेब

बंडीच्या आत, पाठीवर आणि पोटावर कापडाच्या दोन थरांमध्ये बारीक कार्बन तंतूंच्या पट्ट्या बसविलेल्या असतात. त्यातून वीज गेली की त्या तापतात. बहुतेक बंड्या मोबाईलच्या पॉवर बँकेवर, म्हणजे ५ व्होल्टवर चालतात. पूर्ण तापमानावर अशी बंडी साधारण २ अँपिअर वीज ओढते. ५ ला २ ने गुणले की १० वॅट होतात. मधल्या तापमानावर सुमारे ६ आणि सर्वांत कमीवर सुमारे ४ वॅट धरावेत.

आता पॉवर बँकेत किती वीज असते ते पाहावे. तिच्यावर १०,००० एमएएच असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. हा आकडा आतील बॅटरीच्या ३.७ व्होल्टवरचा असतो. म्हणजे १० अँपिअर-तास गुणिले ३.७, एकूण ३७ वॅट-तास. ही वीज ५ व्होल्टवर चढविताना काही भाग वाया जातो आणि बंडीपर्यंत साधारण ३० वॅट-तास पोहोचतात. ३० ला १० ने भागले की तीन तास येतात. मुलाची बंडी दोनच्या सुमारास थंड पडली ती यामुळेच. बंडीत बिघाड नव्हता. तीच बंडी मधल्या तापमानावर पाच तास आणि कमीवर सात-साडेसात तास चालेल. खोक्यावरचे आठ तास हे सर्वांत कमी तापमानाचे असतात, आणि तेही नव्या बॅटरीवर.

पॉवर बँक घेताना मोठ्या अक्षरांतील आकडा पाहू नये. मागच्या बाजूस बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून ५ व्होल्टवरचा दुसरा आकडा दिलेला असतो. चांगल्या १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेवर तो सहा हजारांच्या आसपास असतो. हिशेब त्याच आकड्यावर करावा. वजनावरूनही लबाडी ओळखता येते. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेचे वजन साधारण दोनशे ग्रॅम भरते. तेवढ्याच वजनाच्या डबीवर २०,००० किंवा ३०,००० छापलेले असेल, तर ती खुशाल दुकानदाराला परत करावी. दुसरे म्हणजे, पॉवर बँक २ अँपिअर देणारी असावी. जुन्या, १ अँपिअरच्या पॉवर बँकेवर बंडी कोमट राहते किंवा चालू-बंद होत राहते आणि बंडीच खराब आहे असा गैरसमज होतो.

काही बंड्यांना ७.४ व्होल्टची, कंपनीची स्वतंत्र बॅटरी लागते. त्या जास्त तापतात हे खरे. परंतु दोन हिवाळ्यांनी बॅटरी संपली की तशी दुसरी मिळविताना नाकी नऊ येतात. खेड्यातल्या वापरासाठी पॉवर बँकेवर चालणारीच बंडी घ्यावी असे माझे मत आहे. उन्हाळ्यात तीच पॉवर बँक मोबाईलला उपयोगी पडते.

दहा वॅटची ऊब म्हणजे किती

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर पडत असते. फावड्याने दांड फोडताना किंवा चिखलातून चालताना ती दोनशे-तीनशे वॅटपर्यंत जाते. म्हणजे बंडी जी ऊब देते ती शरीराच्या स्वतःच्या उबेच्या दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. शरीराची ही उष्णता अंगाशी धरून ठेवली तर बॅटरीची गरज फारशी उरत नाही. ती वाऱ्यावर सोडून दिली तर दहा वॅटने काहीच भागत नाही. सदऱ्यावरून बंडी घालून वर काही न घेता उघड्या वाफ्यात उभे राहणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांची निम्मी-अधिक ऊब बाहेरची हवा तापविण्यात जाते. बंडी नेहमी पातळ सदऱ्यावर आणि स्वेटर किंवा जाड जाकिटाच्या आत घालावी.

याच कारणाने, दारे धरण्याच्या प्रत्यक्ष कामात बंडी चालू ठेवणे बहुधा तोट्याचे ठरते. फावडे चालविताना अंगाला घाम येतो. बंडीने तो आणखी येतो. आतला कपडा ओला होतो, आणि मग बांधावर बसल्यावर ते ओले कापड अंगातली ऊब ओढून घेते. बंडी घालूनही हुडहुडी भरली अशी तक्रार येते तिचे मूळ बहुतेक वेळा येथेच असते.

कपड्यांचे थर कसे घालावेत

आतून अंगाला लागून सुती बनियन घालण्याची आपली सवय आहे. उन्हाळ्यात ती उत्तम, परंतु हिवाळ्यातील रात्रीच्या कामाला सुती कापड वाईट, कारण ते घाम धरून ठेवते आणि लवकर वाळत नाही. त्याऐवजी खेळाडू वापरतात तसला पातळ टेरिलीनचा लांब बाह्यांचा बनियन किंवा पातळ लोकरी बनियन घालावा. त्यावर लोकरीचा स्वेटर, आणि त्यावर वारा न शिरणारे असे काहीतरी, मग तो पावसाळ्यातला रेनकोट का असेना. लोकर दमट झाली तरी बरीच ऊब राखते. आपल्याकडच्या घोंगड्याने पिढ्यान्‌पिढ्या मेंढपाळांना उघड्यावर जगविले ते या गुणामुळेच. बसताना अंगावर घेण्यासाठी घोंगड्याइतकी चांगली वस्तू अजूनही नाही.

काम सुरू करताना किंचित थंडी वाजली पाहिजे, इतकेच कपडे अंगावर ठेवावेत. दहा मिनिटे फावडे चालविले की बरोबर वाटते. सुरुवातीलाच उबदार वाटत असेल तर एक थर उतरवून बांधावर ठेवावा आणि वाफा भरेपर्यंत बसायच्या वेळी लगेच चढवावा. घाम येण्यापूर्वी काढणे आणि थंडी वाजण्यापूर्वी घालणे, ही सवय लागायला दोन-तीन रात्री पुरतात. पिशवीत एक कोरडा बनियन बरोबर न्यावा. मध्यरात्री तो बदलल्यावर जो फरक पडतो, तो कोणत्याही बॅटरीने पडणार नाही. डोक्याला कानटोपी, गळ्याला मफलर, पायांत लोकरी मोजे घालून वर गमबूट, हे तर हवेच. गमबूट मोज्यांसह सैल बसेल असा, एक माप मोठा घ्यावा. पाय आवळले गेले की ते लवकर गारठतात.

हातमोजे : ओल्या कामाला नकोत

तापणाऱ्या हातमोज्यांविषयी मला स्पष्टच लिहिले पाहिजे. पाणी देण्याच्या कामासाठी ते घेऊ नयेत. प्रत्येक मोज्याच्या मनगटात एक छोटी बॅटरी असते, साधारण ७.४ व्होल्ट आणि २,२०० एमएएचची. तिच्यात सुमारे १६ वॅट-तास वीज असते. पूर्ण तापमानावर मोजा ७ वॅटच्या आसपास वीज खातो, म्हणजे दोन तासांहून थोडा अधिक चालतो. मनगटाची बॅटरी थंड वाऱ्यात उघडी असते, त्यामुळे त्यातही थोडी घट येते.

आता मोजा दांडात बुडाला आणि अस्तराने पाच चहाचे चमचे, म्हणजे २५ ग्रॅम पाणी शोषले असे समजा. तेवढ्या पाण्याची वाफ होण्यासाठी जवळजवळ १७ वॅट-तास उष्णता लागते. म्हणजे एका मोज्याची संपूर्ण बॅटरी फक्त मोजा वाळविण्यात खर्च होईल आणि बोटे गारच राहतील. शिवाय चिखलाचे पाणी जोडणीत शिरून तारा गंजतात ते वेगळेच. ओल्या कामाला आत पातळ लोकरी मोजा आणि त्यावर कोपरापर्यंत येणारा सैल रबरी मोजा घालावा. आतल्या मोज्यांचा एक कोरडा जोड खिशात ठेवावा.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. कोणताही ओला हातमोजा, तापणारा असो वा साधा, स्टार्टरच्या पेटीला लावू नये. हे मोजे विजेच्या धक्क्यापासून संरक्षण देणारे नाहीत. बंडीची ५ व्होल्टची वीज माणसाला धक्का देत नाही. मोटरची थ्री-फेज वीज जीव घेते. हात पुसून, कोरड्या फळीवर उभे राहूनच बटण दाबावे. तसेच तापणारे मोजे घालून फवारणी कधीही करू नये. औषध अस्तरात मुरते, ते धुऊन निघत नाही, आणि पुढच्या वेळी तापलेल्या अस्तरातून कातडीला लागत राहते.

बोटे गारठण्याचे कारण पुष्कळदा हातात नसून छातीत असते. धड थंड पडू लागले की शरीर हातापायांकडचे रक्त आखडून घेते आणि आतल्या अवयवांकडे वळविते. म्हणून हात गारठत असतील तर आधी छाती-पोटावर एक थर वाढवावा. थोड्या वेळाने बोटांत ऊब परतते. बंडी आणि मोजे यांपैकी एकच घेण्याची ऐपत असेल तर बंडीच घ्यावी.

हातमोजे खरे उपयोगी पडतात ते मोटारसायकलवर. पहाटे चारला बाजार समितीत माल घेऊन निघालेल्या किंवा दुधाचे कॅन पोहोचविणाऱ्या माणसाचे हात मुठीवर जखडलेले असतात, हलत नाहीत, आणि ते कोरडे असतात. ६ अंश तापमानात ताशी ४० किलोमीटर वेगाने जाताना उघड्या कातडीला जवळपास १ अंशाची थंडी जाणवते. अशा अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासाला मोज्याची बॅटरी सहज पुरते. मात्र मोज्याची बाहेरची बाजू वारा न शिरणारी असावी आणि ब्रेक-क्लच नीट दाबता आले पाहिजेत. दुकानातच मूठ वळवून पाहावी.

बंडीचा उपयोग कोठे

एकंदरीत, बसून राहण्याच्या वेळी बंडी कामाची आहे. मचाणावर रानडुकरांची राखण करताना, वाफा भरण्याची वाट पाहताना, मोटारसायकलवर. मघाच्या त्या मुलासाठी आम्ही असा हिशेब मांडला. रात्री अकरा ते पहाटे पाच अशी सहा तासांची पाळी. त्यात दांड फोडणे, फिरणे यात साधारण निम्मा वेळ जातो, तेव्हा बंडी बंद. उरलेले तीन तास तो बांधावर घोंगडे घेऊन बसतो, तेव्हा मधल्या तापमानावर चालू. तीन तास गुणिले ६ वॅट, म्हणजे १८ वॅट-तास. पॉवर बँकेतील ३० पैकी १२ वॅट-तास शिल्लक राहतात आणि त्यात गरज पडल्यास मोबाईल चार्ज होतो. पहिल्याप्रमाणे अकराला पूर्ण तापमानावर चालू करून विसरून जायचे म्हटले, तर सहा तासांना ६० वॅट-तास, म्हणजे दोन पॉवर बँका लागल्या असत्या, आणि अंग घामाने भिजले असते ते निराळेच.

वडिलांच्या पाठीवरचे फोड

आता वडिलांविषयी. त्यांचे वय अडुसष्ट, मधुमेह पंधरा वर्षांचा. त्या रात्री तीननंतर ते मोटरखोलीत पोत्यांवर आडवे झाले आणि बंडी चालू ठेवूनच झोपी गेले. सकाळी घरी अंघोळीच्या वेळी सुनेला त्यांच्या पाठीवर तळहाताएवढा लाल चट्टा आणि त्यावर दोन फोड दिसले. त्यांना स्वतःला काही जाणवले नव्हते. जखम भरायला दीड महिना लागला.

बंडी ‘कमी’वर असूनही हे कसे झाले? भाजण्यासाठी वस्तू चटका बसण्याइतकी गरमच हवी असे नाही. ४८ अंशांचा स्पर्श पंधरा-वीस मिनिटे टिकला तर कातडी भाजते. ४४ अंशांवर सुमारे सहा तासांत भाजते. हाताला ४४ अंश केवळ छान ऊबदार लागतात. उभ्या माणसाच्या बंडीची उष्णता बाहेर निघून जात असते, म्हणून पट्टी तेवढी तापत नाही. पाठीवर झोपल्यावर खाली पोते, वर शरीर, मध्ये पट्टी. उष्णतेला वाट राहत नाही आणि पट्टीचे तापमान चढत जाते. निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो. मधुमेहाने ज्यांच्या कातडीची संवेदना कमी झाली आहे, त्यांना त्या ऊबेचा त्रासच कळत नाही. दारू पिऊन झोपलेल्याचेही तेच.

म्हणून बंडी किंवा मोजे घालून कधीही झोपू नये. जेथे डुलकी लागण्याची शक्यता आहे तेथे आधी तार काढून ठेवावी. मधुमेही, लकवा झालेले आणि हातापायांना मुंग्या येणारे यांनी ही साधने वापरू नयेत हेच बरे. त्यांना लोकरी थर द्यावेत. वापरायचीच असतील तर उघड्या अंगावर न घालता, कमी तापमानावर, आणि दर अर्ध्या तासाने दुसऱ्याने कातडी पाहून. चट्टा दिसल्यास वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. हळद, टूथपेस्ट लावू नये, फोड फोडू नयेत. मधुमेही व्यक्तीला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. आणि बंडीऐवजी मोटरखोलीचे दार लावून कोळशाची शेगडी पेटविण्याचा विचार कोणी करीत असेल तर त्याहून घातक काही नाही. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू साचतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

बॅटरी आणि तारा

या बॅटऱ्या लिथियमच्या असतात. घेताना पॉवर बँकेवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. फुगलेली, पाण्यात पडलेली किंवा बैलगाडीखाली दबलेली बॅटरी दिसायला बरी वाटली तरी पुन्हा वापरू नये. चार्जिंग दिवसा, जागेपणी, फरशीवर किंवा दगडी ओट्यावर करावे. गादीवर, कडब्याजवळ किंवा गोठ्यात नको. बंडी अंगात असताना गोडसर, रंगासारखा वास आला किंवा खिसा असह्य तापला तर तार काढण्याच्या भानगडीत न पडता बंडीच अंगातून काढून मोकळ्या जमिनीवर फेकावी. पेट घेतल्यास लांबून भरपूर पाणी ओतावे, आणि धूर हुंगू नये.

तारा तुटतात त्या बहुतेक खांद्याजवळ आणि कमरेत, जेथे घडी पडते. हंगामाच्या सुरुवातीला बंडी अंथरुणावर पसरून दहा मिनिटे पूर्ण तापमानावर चालू करावी आणि तळहाताने सर्व पट्ट्या चाचपाव्यात. एखादी पट्टी थंड असेल तर तार तुटली आहे. एकच ठिपका चटका देत असेल किंवा अस्तरावर तांबूस डाग असेल तर तेथे तार अर्धवट तुटून तापते आहे. अशी बंडी चिकटपट्टी लावून चालवू नये. बॅटरी काढावी आणि साधी बंडी म्हणून वापरावी. धुताना बॅटरी काढून, जोडणीचे टोपण लावून, हाताने दाबून धुवावी. पिळू नये, सावलीत आडवी वाळवावी.

मार्चमध्ये थंडी संपली की बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवू नये. निम्मी भरलेली असताना घरातल्या थंड कोनाड्यात ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहून पुन्हा निम्मी भरावी. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवलेली बॅटरी पुढच्या हिवाळ्यात कमी वेळ चालते. निकामी झालेली बॅटरी उकिरड्यात किंवा पाचट जाळताना आगीत टाकू नये. तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून तालुक्याच्या ठिकाणी ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.